"आम्हालाही वेंडीजसारखं रोस्ट करायचंय" म्हणणाऱ्या तमाम ब्रँड मॅनेजर मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

या महिन्यात हे चौथ्यांदा झालं म्हणून शेवटी लिहायला बसलोय. मीटिंग सुरू होते, चहा येतो, बिस्किटं येतात आणि मग तुमच्यातलं कोणीतरी फोन पुढे करून एक स्क्रीनशॉट दाखवतं आणि म्हणतं, "हे बघा, असं काहीतरी पाहिजे, कडक, समोरच्याची एकदम जिरवणारं." स्क्रीनशॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या वेंडीज या बर्गरवाल्या कंपनीचा असतो. मी गेली अकरा वर्षं पुण्यात बसून खाण्यापिण्याच्या ब्रँडांसाठी पोस्टी लिहितोय, त्यामुळे हा स्क्रीनशॉट मला आता तोंडपाठ आहे, पण माझा अंदाज असाय की तो दाखवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याच्या वरचं आणि खालचं काही वाचलेलं नसतं. म्हणून आधी तेच सांगतो, सावकाश.

तारीख २ जानेवारी २०१७. वेंडीजने नेहमीसारखं ट्विट टाकलेलं की आमचं बीफ ताजं असतं, कधीच फ्रोजन नसतं. एक जण खाली येऊन म्हणाला, तुमचं बीफ फ्रोजनच असतं, सगळ्यांना माहितीये. आता इथे वेंडीजने काय केलं बघा. पहिलं उत्तर अगदी सभ्य होतं! तुम्हाला असं वाटतं हे ऐकून वाईट वाटलं, पण तुमचं चुकतंय, १९६९ साली सुरुवात केली तेव्हापासून आम्ही फक्त ताजंच बीफ वापरतो, असं. म्हणजे बँकेच्या काउंटरवरची बाई सुद्धा इतकं नीट बोलत नाही. तो गडी काही ऐकेना, म्हणाला, मग काय गरम ट्रकमधून कच्चं मांस पाठवता का? यावर वेंडीजने एक साधा प्रश्न विचारला: ज्या वस्तू थंड ठेवायच्यात पण गोठवायच्या नाहीत, त्या तुम्ही कुठे ठेवता? इथे त्याची बोलती बंद व्हायला हवी होती, पण माणूस हरायला लागला की विषय बदलतो, तसं त्याने मॅकडोनाल्डला मध्ये ओढलं, की त्यांचा ब्रेकफास्ट बघा, त्यांनी तुम्हाला कधीच मागे टाकलंय. आणि मग ते उत्तर आलं जे तुम्ही सगळे फोनमध्ये घेऊन फिरता, की फ्रिज नावाची वस्तू जगात असते हे तुम्ही क्षणभर विसरलात म्हणून त्या बिचाऱ्यांना यात ओढायची काही गरज नव्हती.

हसू येतं, कबूल. पण नीट बघा, यात मॅकडोनाल्डला वेंडीजने एक शब्दही वाईट बोललेलं नाही. त्यांचं नाव त्या माणसानेच काढलं. शिवी कोणालाच नाही. आणि सगळा विनोद उभा कशावर आहे, तर फ्रिजवर. ताजं बीफ फ्रिजमध्ये ठेवतात ही खरी गोष्ट आहे, कंपनी ती पन्नास वर्षं करतेय, कोणीही किचनमध्ये शिरून बघितलं तरी तेच दिसणार आहे. म्हणजे ज्याला आपण रोस्ट म्हणतो तो खरं तर प्रॉडक्टचा डेमोच होता, फक्त तिरकस आवाजात दिलेला. ज्यांनी ते वाचलं ते हसले, आणि हसता हसता "वेंडीजचं बीफ फ्रोजन नसतं" हे वाक्य लाखो लोकांच्या डोक्यात फुकटात जाऊन बसलं. जाहिरातीत ओरडून सांगितलं असतं तर स्क्रोल करून पुढे गेले असते.

हे काही त्यांना ट्विटरवर अचानक सुचलेलं पण नाहीये. १९८४ मध्ये याच कंपनीची टीव्हीवर एक जाहिरात गाजली होती, एक म्हातारी काउंटरवर उभी राहते, समोर भलामोठा फुगलेला पाव आणि त्यात एवढीशी टिकली, आणि ती खेकसते, "यात बीफ कुठाय?" दुसऱ्यांचा पाव मोठा, बीफ छोटं, आमचं उलटं. बोट तेव्हाही मालावरच ठेवलेलं. २०१७ ला फक्त म्हातारी गेली आणि ट्विटर आलं.

मार्च २०१७ मध्ये मॅकडोनाल्डने जाहीर केलं की आम्ही पण आता अमेरिकेतल्या बहुतेक दुकानांत क्वार्टर पाउंडर ताज्या बीफचा करणार, २०१८ च्या मध्यापर्यंत. वेंडीजने लगेच विचारलं, म्हणजे बाकीचे बहुतेक बर्गर अजूनही फ्रोजनच का? एका मित्रासाठी विचारतोय. परत तेच! अपमान नाहीच, प्रश्न आहे, आणि प्रश्न असा की त्याचं खरं उत्तर "हो" असंच आहे. नोव्हेंबरमध्ये मॅकडोनाल्डच्या अकाउंटवरून चुकून "ब्लॅक फ्रायडे, इथे मजकूर आणि लिंक टाका" छापाचं अर्धवट ट्विट गेलं (आपल्यापैकी कोणाकडून हे कधी झालं नाही असं म्हणणाऱ्याने आत्ताच उठून जावं), तेव्हा वेंडीज म्हणालं की ट्विटपण तुमच्या आइस्क्रीम मशीनसारखं बंद पडलेलं दिसतंय. मॅकडोनाल्डचं आइस्क्रीम मशीन बंद असणं हा अमेरिकेत घराघरातला अनुभव, आपल्याकडे एटीएमवर "तात्पुरते बंद" चिकटवलेलं असतं तसा. लोकांनी स्वतः सोसलेलं होतं म्हणून लोक हसले. वेंडीजने नवीन आरोप काही केला नाही, लोक जे आधीपासून बोलतच होते ते मोठ्याने म्हटलं.

आता त्याच गोष्टीचा दुसरा भाग, जो स्क्रीनशॉटमध्ये नसतो. फ्रिजवालं उत्तर गाजलं आणि दोनेक दिवसांत, त्याच आठवड्यात, त्याच अकाउंटवरून एक मीम गेलं. कोणीतरी विचारलं तुमच्याकडे मीम आहेत का, यांनी पेपे नावाच्या बेडकाला वेंडीजच्या लोगोतल्या मुलीचे लाल केस लावून फोटो टाकला. गोंडस वाटला असेल. पण त्याच्या तीन-चार महिने आधी, सप्टेंबर २०१६ मध्ये, तिकडच्या अँटी डिफेमेशन लीग या द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने त्या बेडकाचं नाव द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत घातलेलं होतं, कारण गोऱ्या वंशवाद्यांनी तो बेडूक पळवला होता. पोस्ट काढावी लागली, सारवासारव करावी लागली. विचार करा, ज्यांना अख्खं जग डोक्यावर घेऊन नाचतंय तीच टीम, तोच आठवडा, तोच कॉन्फिडन्स. फरक एवढाच की फ्रिजच्या वेळी पायाखाली जमीन होती, बेडकाच्या वेळी फक्त वेग होता. मला विचाराल तर गाजलेल्या पोस्टीनंतरचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, कारण तेव्हा ऑफिसात कोणी कोणाला थांबवत नाही. आमच्याकडे पण हेच होतं, एक पोस्ट चालली की दुसऱ्या दिवशी कॉपी तपासायला पाठवायचं बंदच होतं, "अरे टाक रे, तुला जमतं ते."

बरं, आता माझंच एक सांगतो, नाव कोणाचंच घेणार नाही, कारण चूक निम्मी माझी होती.

दक्षिण महाराष्ट्रातला एक भडंगवाला ब्रँड आमच्याकडे होता, तिसऱ्या पिढीतला मुलगा नुकताच धंद्यात आलेला, एमबीए, उत्साही, चांगला पोरगा. त्यांच्या जिल्ह्यातच त्यांचा एक मोठा स्पर्धक, ज्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म असतात. मुलगा म्हणाला, काका, त्यांच्या पाकिटात निम्मी हवा असते, यावर घ्या ना त्यांची. मलाही ते आवडलं, कारण मी पण तेव्हा वेंडीजच्या नशेत होतो. आम्ही एक पोस्ट केली, एका बाजूला आमचं चपटं पाकीट, दुसऱ्या बाजूला नाव पुसलेला पण रंगावरून कोणालाही ओळखू येईल असा फुगा, आणि ओळ होती: "आम्ही भडंग विकतो. हवा फुकट मिळते, बाहेर या." पहिले तीन तास दिवाळी. हसणारे इमोजी, मित्रांना टॅग, "कसला मारलाय", सगळं. मुलाने घरच्या ग्रुपवर टाकलं, त्याच्या आजोबांचा मला फोन आला शाबासकीचा.

चौथ्या तासाला स्पर्धकाचं उत्तर आलं. एकदम शांत. त्यांनी लिहिलं, दादा, ती हवा नाही, नायट्रोजन आहे. ऑक्सिजन आत राहिला तर तेल खवट होतं आणि पाकीट फुगीर नसेल तर गाडीत चुरा होतो. महाग पडतं पण करतो, तुमचं भडंग कसं पोचतं तेवढं सांगा. संपलं! चार ओळी, एकही टोमणा नाही, आणि सगळं खरं. ज्याची टिंगल करायला गेलो ती त्यांची चूक नव्हतीच, ती त्यांची काळजी होती, आणि ती काळजी आम्हीच चव्हाट्यावर आणून दिली, आमच्या खर्चाने, आमच्या फॉलोअर्ससमोर.

त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट. खाली लोक आमच्याच पाकिटाचे फोटो टाकायला लागले. कोणाचं मऊ पडलेलं, कोणाच्या पाकिटाच्या तळाशी नुसतं तिखट आणि चुरा. आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला एका बाईंनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमचं २०० ग्रॅमचं पाकीट ठेवून व्हिडिओ टाकला, आकडा आला १८४, आणि तो पण पाकिटासकट. मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतायत आणि बाई काहीच बोलत नाहीत, फक्त बोटाने तो आकडा दाखवतायत. मी मुलाला फोन केला तर तो म्हणाला, काका, एका मशीनचा प्रॉब्लेम आहे, बाबांना माहितीये, दुरुस्तीला माणूस येणार होता. म्हणजे फॅक्टरीत माहिती होतं! मला माहिती नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी कॉपी विचारली, रंग विचारला, लोगो केवढा ठेवायचा विचारलं, पाकिटाचं वजन नाही विचारलं.

पोस्ट काढली, पण काढून काय होतं, स्क्रीनशॉट सगळ्यांकडे होते. उलट काढली याचा वेगळा स्क्रीनशॉट फिरला.

यातून मला जे कळलं ते मी तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो आणि प्रत्येक मीटिंगमध्ये तुम्ही मान हलवून पुढच्या स्लाइडवर जाता. तुम्ही ज्या मुद्द्यावर समोरच्याची खेचता, त्याच मुद्द्यावर लोक पुढचे चोवीस तास तुम्हाला तपासणार असतात. हवेवर बोललात तर तुमचं पाकीट फोडणार, डिलिव्हरीवर बोललात तर तुमची उशिरा आलेली ऑर्डर काढणार, भावावर बोललात तर तुमचं जुनं बिल. शंभर वेगळ्या तक्रारी इकडेतिकडे विखुरलेल्या असतात तोपर्यंत कोणाचं लक्ष नसतं, तुमचा टोमणा त्या सगळ्यांना एकत्र जमायला एक ओटा बांधून देतो.

आणि हे फक्त भडंगवाल्यांचं होतं असं समजू नका. सॅमसंगचं बघा ना, केवढी कंपनी. ऑगस्ट २०१६ मध्ये नोट ७ च्या लाँचला स्टेजवरून कोपरखळी मारली की आमच्या फोनला हेडफोनचं भोक पण आहे बरं का, कारण ॲपल ते काढणार अशी चर्चा होती. (त्या नोट ७ ची बॅटरी पुढे पेट घ्यायला लागली आणि सगळे फोन परत मागवावे लागले, ते वेगळंच रामायण.) पुढची दोन वर्षं त्यांनी यावर व्हिडिओवर व्हिडिओ केले, आयफोनवाला बिचारा वायरीला वायर जोडतोय वगैरे. मजेशीर होते, मी पण शेअर केलेत. मग ऑगस्ट २०१९ ला नोट १० आला आणि त्याला ते भोक नव्हतं! सॅमसंगने गुपचूप ते जुने व्हिडिओ आपल्या चॅनलवरून काढले, आणि काढले हीच बातमी झाली. बरं, एकदा तोंडघशी पडल्यावर माणूस शिकेल, तर नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोनच्या डब्यातून चार्जर गेला तेव्हा त्यांच्या एका फेसबुक पेजवर चार्जरचा फोटो टाकून लिहिलं की तुमच्या गॅलक्सीसोबत हा मिळतो. डिसेंबरअखेर ती पोस्ट गायब, आणि जानेवारी २०२१ ला एस २१ बिनचार्जरचा.

मला यात सॅमसंगच्या पोस्ट लिहिणाऱ्या पोरांची खरंच दया येते, कारण मला पक्कं वाटतं की त्यांना कोणी सांगितलंच नसणार. दोन वर्षांनी काय येणार हे प्रॉडक्टवाल्यांना माहिती असतं, आणि प्रॉडक्टवाले आणि सोशलवाले एकाच बिल्डिंगमध्ये असूनही लिफ्टमध्येच भेटतात. वेंडीजचं बीफ कंपनीच्या पायातच आहे, ते उद्या बदलणार नाही. हेडफोनचं भोक ही तेव्हापुरती सोय होती. म्हणून मी विचारतो, तुम्ही जी गोष्ट मिरवून दुसऱ्याला हसणार आहात ती तीन वर्षांनीसुद्धा तुमच्याकडे असणार आहे का? असेल असं लेखी देणारा माणूस कंपनीत कोण आहे? तो मीटिंगला का नाहीये?

आता तुमच्यातले काही म्हणणार, मग काय गप्प बसायचं का, मजा करायचीच नाही का. करायची की! आपल्याला हे काय नवीन आहे. शाहिरीत कलगी आणि तुरा हे दोन पक्ष रात्र रात्र एकमेकांना कोडी घालायचे, टोमणे मारायचे, एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने डफावर थाप मारून जवाब द्यायचा, आणि गावाला त्यात आनंद कारण दोन्ही पक्ष ठरवून समोरासमोर उभे असायचे आणि दोघांनाही जवाब येत असायचा. एकजण सवाल टाकतोय आणि दुसरा झोपलाय तर तो फड नव्हे. २०१३ मध्ये किटकॅट आणि ओरिओचं झालं होतं तसं, एका मुलीने लिहिलं मला दोन्ही आवडतात, किटकॅटने ओरिओला फुल्ली-गोळ्याचं आव्हान दिलं, पहिली फुल्ली किटकॅटच्या कांड्यांची काढून, आणि ओरिओने उत्तरात अर्धवट खाल्लेल्या किटकॅटचा फोटो टाकला, की माफ करा, राहवलं नाही. आहाहा! हरला कोण? कोणीच नाही, उलट हरणाऱ्याचा माल इतका चविष्ट की जिंकणाऱ्याने खाल्ला. याला म्हणतात शालजोडीतला.

हे जमतं ते साधारण बरोबरीच्यांमध्ये, किंवा खालून वर. वेंडीजने मॅकडोनाल्डची खेचली कारण मॅकडोनाल्ड अवाढव्य आहे, त्याला काही होत नाही हे सगळ्यांना माहिती. तेच जर मॅकडोनाल्डने वेंडीजला हिणवलं असतं तर तीच ओळ दादागिरी वाटली असती, शब्द तेच असूनही. आणि इथे माझा काही क्लायंट मंडळींवर राग आहे. ज्यांची शंभर दुकानं आहेत ते मला कोपऱ्यावरच्या एकट्या वडापाववाल्याची "हलकीफुलकी" खेचायला सांगतात. नाही लिहिणार. लोकांना लगेच दिसतं कोण कोणाला मारतोय, आणि आपल्याकडे तर गाडीवाल्याच्या बाजूने उभं राहायला अख्खा चौक येतो.

कायद्याचं पण थोडं ऐका, कंटाळा करू नका, एकच गोष्ट सांगतो. २०१७ मध्ये अमूलने जाहिरात केली की आमचं आइस्क्रीम दुधाचं आणि फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती असतं. कोणाचं नाव घेतलं नव्हतं. हिंदुस्तान युनिलिव्हर, ज्यांच्याकडे तेव्हा क्वालिटी वॉल्स होतं, मुंबई हायकोर्टात गेली, की आम्ही वनस्पती तूप वापरत नाही, खाद्यतेल वापरतो, ही आमच्या अख्ख्या मालाची बदनामी आहे. जून २०१७ मध्ये कोर्टाने त्या जाहिराती थांबवल्या. आता यात गंमत अशी की अमूलचा मूळ मुद्दा, आमच्यात दूध आणि त्यांच्यात वनस्पतीपासूनचं फॅट, हा खोटा नव्हता, फ्रोजन डेझर्टच्या पाकिटावर ते छापलेलंच असतं. पण फॅट आणि वनस्पती तूप यातल्या एका शब्दाने घोटाळा केला. आपल्याकडे कोर्टांचा साधारण सूर असा राहिलाय की मी सगळ्यात भारी असं फुशारक्या मारून म्हणा, खरी असेल तर तुलनाही करा, पण तुलनेच्या नावाखाली समोरच्याचा माल खराब आहे असं म्हणू नका. आणि नाव झाकलं, लोगो पुसला, रंग तेवढा ठेवला की सुटलो, हा जो तुमचा समज आहे (माझाही होता, वर फुग्याची गोष्ट आठवा), तो काढून टाका. ज्याला उद्देशून आहे त्याला ओळखू आलं की पुरे. इन्स्टाची पोस्ट ही पण जाहिरातच आहे, "अहो मीम आहे, मजेत टाकलंय" हे वकिलाला सांगून बघा.

बरं, पोस्ट टाकल्यावर गाडी कुठे चाललीये हे कसं ओळखायचं, हे तुम्ही नेहमी दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये विचारता. रिपोर्टची वाट बघू नका, पहिल्या दोन तासांच्या कॉमेंट्स स्वतः वाचा. लोक एकमेकांना टॅग करतायत, स्वतःच्या ओळी जोडतायत, समोरच्या ब्रँडला "आता काय बोलणार" म्हणतायत, तर लोक खेळतायत, ठीक आहे. पण "ते सोडा, माझ्या ऑर्डरचं काय" असं पहिलं वाक्य दिसलं, आणि त्या एका कॉमेंटला तुमच्या पोस्टीच्या मानाने जास्त लाइक पडायला लागले, तर समजा फड उलटला. लाइकपेक्षा रिप्लाय वाढायला लागले की रेशो झाला म्हणतात पोरं, तो त्याच्या नंतर येतो, तेव्हा उशीर झालेला असतो. त्या पहिल्या ऑर्डरवाल्याला तिथल्या तिथे, विनोद न करता, खरं उत्तर द्या, ऑर्डर नंबर मागा, सोडवा. तिथे जर अजून एक टोमणा मारलात, गिऱ्हाइकाला, तर मला फोन करू नका.

वेंडीजचं पुढचं पण सांगतो, म्हणजे देवळात बसवायला नको कोणाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या नव्या सीईओने गुंतवणूकदारांशी बोलताना सांगितलं की २०२५ पासून डायनॅमिक प्रायसिंग वगैरे करून बघू. बातम्या आल्या की गर्दीच्या वेळी बर्गर महागणार, उबर-ओलासारखा. लोक भडकले. कंपनी सांगत राहिली की आम्ही भाव वाढवणार नाही, डिजिटल मेनू बोर्डवर उलट मंदीच्या वेळी सवलती देता येतील, पण कोण ऐकतंय. आणि बर्गर किंगने त्याच आठवड्यात आपला व्हॉपर बर्गर फुकट वाटायची ऑफर काढली, भूक लागलेल्या माणसाकडून जास्त पैसे घेण्यावर आमचा विश्वास नाही असं म्हणून, आणि वर, आमच्याकडे फक्त जाळ वाढतो. सात वर्षं दुसऱ्यांची खेचणाऱ्या अकाउंटला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि सुचणार तरी कसं, यावेळी फ्रिज बर्गर किंगच्या बाजूला होता.

मुंबईकरांना २००७ चं आठवत असेल. जेट एअरवेजचं होर्डिंग लागलं, "आम्ही बदललोय." त्याच्यावर किंगफिशरने लावलं, "आम्हीच त्यांना बदलायला लावलं." त्याच्याही वर गो एअर, "आम्ही नाही बदललो, अजूनही उडायचा सगळ्यात हुशार मार्ग आम्हीच." मार्केटिंगच्या प्रत्येक कोर्समध्ये हा फोटो दाखवतात, मीही दाखवलाय, पोरं टाळ्या वाजवतात. किंगफिशर २०१२ ला बंद पडली, जेट २०१९ ला, गो २०२३ ला. होर्डिंगमुळे नाही पडल्या, इतका बाळबोध मी नाही. पण तो फोटो दाखवताना मला हल्ली थोडं गप्प व्हायला होतं.

तर सोमवारी अकराची मीटिंग आहे, तुमच्यातल्या एकांबरोबर, नाव लिहीत नाही, त्यांना कळलंय. तुमचा ब्रीफ मिळाला, पहिलीच ओळ "स्पर्धकाची मजेशीर पद्धतीने जिरवणे" अशी आहे. माझी काही हरकत नाही, माझ्याकडे दोन ओळी तयारपण आहेत आणि त्यातली एक चांगली आहे. फक्त येताना पॅकिंग सेक्शनमधल्या माणसाला बरोबर आणा, आणि दुकानातून, फॅक्टरीतून नव्हे दुकानातून, तुमचीच पाच पाकिटं विकत घेऊन या, बिलासकट. काटा माझ्याकडे आहे. भडंगाच्या वेळी घेतला होता.

तुमचाच,
कॉपीवाला काका, पुणे

ता. क. ते भडंगवाले अजून माझे क्लायंट आहेत. मशीन बदललं, नायट्रोजन पण सुरू केला, पाकिटं आता त्यांचीही टम्म असतात. त्यावर पोस्ट करूया का असं मुलगा विचारत होता, मी म्हटलं सहा महिने थांब.